ब्रँड दोघींचा, पण नाव कुणाचं?

घरात विको टर्मरिकची ट्यूब असेल तर तिच्यावरचं उत्पादकाचं नाव जरा नीट वाचा. 'विको लॅबोरेटरीज' असं लिहिलेलं दिसेल. पुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' नाही, 'लिमिटेड'ही नाही. गंमत म्हणजे 'विको' हे नावच 'विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी' या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालंय. म्हणजे नावात 'कंपनी' आहे, पण कायद्याच्या भाषेतली कंपनी नाही. आपल्या नागपूरचे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले, १९५२ साली परळमध्ये त्यांनी दंतमंजनापासून सुरुवात केली, आणि हा व्यवसाय पेंढरकर कुटुंबाची भागीदारी फर्म म्हणून वाढला.

आता दुसरं टोक बघा. जयपूरच्या दोन भावांनी २०२० मध्ये 'मिनिमलिस्ट' हा स्किनकेअर ब्रँड आणला. तो पहिल्यापासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत होता. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्यातला ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. भावांनी बहुतेक शेअर विकायचं ठरवलं, पण ब्रँड, कंपनी, करार, परवाने जिथल्या तिथे राहिले.

एकाच धंद्यातल्या या दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालल्या. म्हणून 'कंपनी काढली की मोठं होतं' हे विसरा. प्रोप्रायटरशिप, भागीदारी की कंपनी, हा प्रश्न खरं तर तीन साध्या प्रश्नांचा आहे. ब्रँडचं नाव कुणाच्या मालकीचं? उधारी थकली तर कुणाच्या खिशातून जाणार? आणि उद्या एकजण निघून गेला तर काय होणार?

रामदासपेठेत हे प्रश्न रोजचे आहेत. इकडे होस्टेल, क्लासेस, पार्लर आणि सलून सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे उटणं, लिप बाम, हेअर ऑइल विकणारी एखादी तरी मैत्रीण प्रत्येकाच्या ओळखीत असतेच. तर समजा, अशाच दोन मैत्रिणी आहेत. नावं नको, एकीला 'फॉर्म्युलावाली' म्हणू आणि दुसरीला 'रीलवाली'. पुढचा सगळा हिशेब या दोघींचा. आकडे समजण्यापुरते घेतलेत, कायदा मात्र खरा आहे.

वर्ष पहिलं : एकटीचा धंदा

दिवाळीच्या आधी फॉर्म्युलावाली उटण्याचे साठ डबे काढते. होस्टेलमध्ये आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमध्ये आठ दिवसांत डबे संपतात. पुढच्या महिन्यात लिप बाम येतो. हा तिचा एकटीचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप. त्यासाठी वेगळी 'स्थापना' करावीच लागत नाही. तिचा पॅन हाच धंद्याचा पॅन. उद्यम नोंदणी आणि शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना एवढ्यावर बँक चालू खातं उघडून देते.

एक गोष्ट मात्र तिन्ही प्रकारांत सारखीच आहे. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो, आणि तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए देतं. स्वयंपाकघरात बाम ओतला आणि ऑनलाइन विकला, हे प्रोप्रायटरलाही चालत नाही आणि कंपनीलाही नाही. म्हणून बहुतेक छोटे ब्रँड दोनपैकी एक रस्ता घेतात. एक तर परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घेतात; तेव्हा परवाना कारखान्याचा आणि ब्रँड फक्त विकणारा. नाहीतर 'लोन लायसन्स' घेतात. म्हणजे जागा आणि मशिनरी दुसऱ्याची, पण परवाना ब्रँडवाल्याच्या नावावर. फॉर्म्युलावाली पहिला रस्ता घेते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडू शकतो.

प्रोप्रायटरशिपमध्ये ती आणि तिचा धंदा कायद्याला वेगळे दिसत नाहीत. नफा सगळा तिचा आणि तोटाही सगळा तिचाच. पुरवठादाराचे चाळीस हजार थकले तर तो तिच्या बचत खात्यापर्यंत, स्कूटीपर्यंत, तिच्या नावावरच्या एफडीपर्यंत कोर्टामार्फत पोचू शकतो. पण साठ डब्यांच्या धंद्यात उधारीच नसते. जोखीम छोटी आहे तोवर हाच प्रकार सगळ्यात स्वस्त आणि सोपा. पहिल्याच वर्षी कंपनी काढायची घाई करायचं काही कारण नाही.

एक काम मात्र याच वर्षी करण्यासारखं आहे. ते म्हणजे ट्रेडमार्क. सौंदर्यप्रसाधनं ट्रेडमार्कच्या वर्ग ३ मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. अर्ज फॉर्म्युलावालीच्या वैयक्तिक नावाने जातो. त्या दिवशी तेच बरोबर असतं.

वर्ष दुसरं : न ठरवता झालेली भागीदारी

मग रीलवाली येते. तिच्या एका व्हिडिओनंतर ऑर्डरी तिप्पट होतात. ती म्हणते, "मी पण टाकते ना चाळीस हजार. आपण दोघी मिळून करू, काहून नाही?" फॉर्म्युलावालीचे तोवर दोन लाख लागलेले असतात. कागद कुणीच करत नाही. मैत्रिणीत कसला आलाय करार!

दोघींना वाटतं की आपण नुसतंच 'मिळून करतोय'. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या नजरेत मात्र त्या भागीदार झालेल्या असतात. दोघी मिळून धंदा चालवतात आणि नफा वाटून घ्यायचं ठरलंय, एवढं पुरतं. लेखी करार नसला तरी भागीदारी होते. आणि तुम्ही काही ठरवलं नसेल तर कायदाच तुमच्यासाठी ठरवून ठेवतो.

कायद्याने ठरवलेला नियम असा, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा आणि तोटा समान वाटायचा. भांडवल कुणी किती टाकलं ते बघायचं नाही. वर्षाला तीन लाख नफा झाला. फॉर्म्युलावालीच्या मनात दोन लाखाला चाळीस हजार, म्हणजे पाचास एक असा हिशेब. तिला अडीच लाख हवेत आणि रीलवालीला पन्नास हजार द्यायचे आहेत. कायदा म्हणतो, दीड-दीड लाख. वर आणखी एक नियम आहे. ठरलेलं नसेल तर कामाचा पगारही मागता येत नाही, मग तुम्ही रात्रभर डबे भरलेले असोत की रील एडिट केलेली असो.

उधारीचं प्रकरण याहून जड आहे. समजा, रीलवालीने एका पुरवठादाराकडून पाच लाखांच्या छापील काचेच्या बाटल्या उधारीवर मागवल्या. फॉर्म्युलावालीला विचारलंच नाही. बाटल्या आल्या तर ड्रॉपर बसत नाही, पण माल ऑर्डरप्रमाणेच आहे. फर्मच्या नेहमीच्या कामासाठी एका भागीदाराने केलेला व्यवहार फर्मला बांधतो. आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकेकटा जबाबदार असतो. म्हणजे पुरवठादार पूर्ण पाच लाख एकट्या फॉर्म्युलावालीकडूनही मागू शकतो. "माझा हिस्सा अर्धा" हे तिने नंतर मैत्रिणीशी भांडावं, पुरवठादाराला त्याच्याशी घेणं नाही.

थोडक्यात, प्रोप्रायटरशिपमध्ये आपल्या चुकीचे पैसे आपण भरतो आणि भागीदारीत दुसऱ्याच्या चुकीचेही भरावे लागतात. भागीदार निवडताना रीलचे व्ह्यूज बघायचे की उधारीची सवय, ते यावरून ठरवा.

कागद केला, पण नोंदवला नाही

बाटल्यांच्या धक्क्यानंतर दोघी भागीदारीपत्र करतात. चांगल्या पत्रात निदान एवढं असावं : नफ्याचं प्रमाण, कुणी किती भांडवल टाकलं, काम करणाऱ्या भागीदाराचा पगार, ठरावीक रकमेवरच्या खरेदीला दोघींची सही, एखादी बाहेर पडली तर तिचा हिशेब कसा, आणि ब्रँडचं नाव फर्मचं की एकीचं.

पत्र स्टॅम्प पेपरवर झालं, सह्या झाल्या, फाइलला लागलं. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी मात्र राहिली, कारण नोंदणी सक्तीची नाही असं कुणीतरी सांगितलं. ते खरंही आहे. पण नोंदणी नसण्याचा फटका वसुलीच्या वेळी बसतो.

समजा, एका सलूनने १ लाख ८० हजारांचा माल नेला आणि पैसे अडकवले. भागीदारी कायद्याचं कलम ६९ सांगतं की नोंदणी न झालेल्या फर्मला करारातून आलेला हक्क मागण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. सलूनवाला मात्र फर्मवर दावा लावू शकतो! यावर उपाय आहे : आधी नोंदणी करायची आणि मग दावा दाखल करायचा. पण थकबाकीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तोवर जागं झालं नाही तर पैसे गेले.

आता नावाचं काय? कुणी तुमच्या ब्रँडच्या नावाने नकली लिप बाम काढला तरी नोंदणी नसलेल्या फर्मने गप्प बसायचं का? याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने २००० साली दिलं, आणि ते प्रकरण नागपूरकरांच्या अगदी ओळखीच्या नावाचं आहे : हल्दीराम.

भुजियाच्या भांडणातून ब्युटी ब्रँडने काय घ्यायचं?

हल्दीरामचं नाव आज दिल्ली, नागपूर, कोलकाता अशा वेगवेगळ्या घराण्यांकडे आहे, हे आपल्याला माहीत असतं. त्यातला वादाचा भाग एका भागीदारीतून आला. 'हल्दीराम भुजियावाला' हा ट्रेडमार्क १९७२ मध्ये कुटुंबाच्या भागीदारी फर्मच्या नावाने नोंदणीसाठी गेला. १९७४ मध्ये ती फर्म विसर्जित झाली आणि विसर्जनाच्या कागदात नावाची वाटणी झाली. पश्चिम बंगालमध्ये नाव वापरण्याचा हक्क एका शाखेला, उरलेल्या देशात दुसऱ्या शाखेला.

पुढे कोलकात्याच्या शाखेकडून दिल्लीत याच नावाने दुकान सुरू झालं आणि दिल्लीवाले कोर्टात गेले. तेव्हा समोरच्यांनी आक्षेप काय घेतला? दावा लावणारी फर्म नोंदणीकृत नाही, म्हणून कलम ६९ प्रमाणे दावाच चालू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप मान्य केला नाही. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : ट्रेडमार्कचा हक्क कायद्याने मिळालेला असतो, तो या फर्मने समोरच्याशी केलेल्या धंद्याच्या करारातून आलेला नसतो. म्हणून नोंदणी नसली तरी नाव वाचवण्याचा दावा चालतो.

आपल्या दोघींसाठी यात दोन गोष्टी आहेत. नोंदणी राहिली असली तरी नाव वाचवता येतं, सलूनचे १ लाख ८० हजार मात्र दाव्याने वसूल करता येत नाहीत. आणि दुसरी गोष्ट अधिक मोठी. हल्दीरामच्या फर्मचं विसर्जन एका कागदावर झालं, पण नावाचं भांडण त्यानंतर कित्येक वर्षं कोर्टात चाललं. डबे, पैसे, मशिनरी वाटून घेता येतात. नाव वाटून घेतलं की ते दोन्हीकडे दुखत राहतं.

म्हणून भागीदारीपत्रातलं शेवटचं वाक्य, 'ब्रँडचं नाव कुणाचं', हेच खरं तर पहिलं असायला हवं. आपल्या गोष्टीत ट्रेडमार्कचा अर्ज फॉर्म्युलावालीच्या वैयक्तिक नावाने गेलेला आहे. नाव मोठं केलं रीलवालीने. उद्या दोघी वेगळ्या झाल्या तर फॉर्म्युलावाली म्हणेल की नाव माझं आहे, कागद बघ. रीलवाली म्हणेल की नाव फर्मच्या पैशाने आणि माझ्या चेहऱ्याने मोठं झालं. दोघींचंही पूर्ण चूक नाही. म्हणूनच ते लेखी लिहून ठेवायचं असतं, आणि नाव फर्मचं ठरलं असेल तर ट्रेडमार्कच्या नोंदीतही तसं हस्तांतर करायचं असतं.

कर वाचतो का? एकदा आकडे मांडूनच बघू

"कंपनी काढ, टॅक्स वाचेल" असं कट्ट्यावर ऐकू येतं. तिसऱ्या वर्षी दोघींची विक्री ४५ लाख आणि स्वतःचा पगार काढण्याआधीचा नफा १२ लाख आहे, असं धरू. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे दर घेऊ, आणि दोघींना दुसरं उत्पन्न नाही असं समजू.

धंदा एकटीचाच असता तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य.

भागीदारी फर्मचा दर सरळ ३० टक्के, सेस धरून ३१.२ टक्के. पण काम करणाऱ्या भागीदारांचा पगार आधी वजा होतो, त्यालाही मर्यादा आहे : पहिल्या ६ लाख नफ्याच्या ९० टक्के आणि त्यापुढच्या नफ्याच्या ६० टक्के. म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक ३ लाख ६० हजार, एकूण ९ लाख. उरलेल्या ३ लाखांवर फर्मचा कर ९३,६०० रुपये. दोघींना साडेचार-साडेचार लाख पगार, त्यावर त्यांना कर नाही. फर्मने कर भरल्यावर उरलेला नफा वाटून घेतला तर त्यावर पुन्हा कर लागत नाही.

आता इथेच एक खाच आहे. हा पगार भागीदारीपत्रात लिहिलेला असला तरच वजा होतो. पत्रच नसेल तर पूर्ण १२ लाखांवर ३१.२ टक्के, म्हणजे ३,७४,४०० रुपये. कागद न करण्याची किंमत या एका वर्षात २ लाख ८० हजार ८०० रुपये! मैत्रिणीत कसला करार, याचं हे उत्तर.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी २२ टक्क्यांचा पर्याय निवडू शकते. अधिभार आणि सेस धरून तो २५.१६८ टक्के होतो. दोघींनी संचालक म्हणून पाच-पाच लाख पगार घेतला तर उरलेल्या २ लाखांवर कर ५०,३३६ रुपये. कर भरून उरलेला नफा लाभांश म्हणून घरी नेला तर तो मात्र घेणारीच्या उत्पन्नात धरला जातो.

म्हणजे या टप्प्यावर नीट कागद केलेली फर्म आणि कंपनी यांच्या करातला फरक ४३ हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी कंपनी काढायची नसते, कारण कंपनीचा स्वतःचा खर्च आहे. तो आधी बघा.

कंपनी : भिंत आहे, पण तिला दारंही आहेत

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, त्या दोघीच दोन्ही होऊ शकतात. अर्ज ऑनलाइन 'स्पाइस प्लस' फॉर्मवर होतो. कंपनी झाली की कायद्याला ती तिसरी, स्वतंत्र व्यक्ती दिसते. ट्रेडमार्क तिच्या नावावर, उधारी तिच्या नावावर. बाटल्यांचे पाच लाख आता कंपनीने द्यायचे. दोघींचं शेअरमध्ये टाकलेलं भांडवल बुडेल, पण फॉर्म्युलावालीची एफडी त्यात जात नाही. मर्यादित जबाबदारी म्हणतात ती हीच.

पण ही भिंत सगळीकडे बंद नाही. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. ती सही केली की त्या कर्जापुरती भिंत गेली. दुसरं दार आपल्या क्षेत्राचं खास आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली कंपनीकडून गुन्हा झाला, समजा परवान्याशिवाय माल बनवला, तर कंपनीबरोबर तेव्हा कामकाज बघणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. 'कंपनीने केलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

आणि खर्च. विक्री शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट लागतं. संचालक मंडळाच्या सभा आणि त्यांचं इतिवृत्त लागतं. आर्थिक पत्रकं आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म दरवर्षी भरावे लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी. दोन्ही फॉर्म १८० दिवस राहिले तर ३६ हजार. परीक्षेच्या नादात अर्धं वर्ष विसरलं, एवढंच पुरतं. वर वाचवलेले ४३ हजार बहुतेक तिथेच संपले.

यांच्यामध्ये एलएलपी नावाचा एक प्रकारही आहे. २००८ च्या कायद्याने आलेला. जबाबदारी कंपनीसारखी मर्यादित आणि आतली व्यवस्था भागीदारीसारखी करारावर चालणारी. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल आणि उधारीची भीती असेल तर सीएला याबद्दल जरूर विचारा. गुंतवणूकदाराला मात्र शेअर हवे असतात आणि एलएलपीत शेअर नसतात. मिनिमलिस्टसारखा ९०.५ टक्के हिस्सा सरळ हातोहात देणं कंपनीत जमतं, ते यासाठीच.

बदलायला उशीर केला तर

"आत्ता असंच चालू दे, मोठं झाल्यावर बदलू" असं म्हणणं सोपं आहे. पण बदलताना काय काय हलतं ते बघा.

कंपनीचा पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांक नवा. जुन्या क्रमांकावर साचलेलं इनपुट क्रेडिट आपोआप येत नाही, त्यासाठी 'आयटीसी-०२' हा फॉर्म भरावा लागतो. ट्रेडमार्क लेखी करार करून कंपनीच्या नावावर करावा लागतो. लोन लायसन्स घेतलं असेल तर ते जुन्या नावाचं. मालकाचं रूप बदललं की एफडीएकडे नवा अर्ज. बँक खातं, पेमेंट गेटवे आणि ऑनलाइन दुकानांवरची विक्रेता खाती पुन्हा उघडायची. आणि लेबल! डब्यावर जुन्या फर्मचं नाव छापलंय. पाच हजार कार्टन छापून ठेवले असतील तर ते रद्दीत.

व्यवसाय कंपनीकडे देताना मोबदला कसा घेता यावर करही ठरतो. ठरावीक अटी पाळून, म्हणजे मोबदला फक्त शेअरच्या रूपात आणि पुढची पाच वर्षं निदान निम्मा मताधिकार हातात ठेवून बदल केला तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. म्हणून हे काम सीएशिवाय करू नये.

यातून वेळ कोणती साधायची ते कळतं. पुढच्या मोठ्या छपाईच्या आधी, लोन लायसन्सचा अर्ज करायच्या आधी आणि शक्यतो आर्थिक वर्ष सुरू होताना, १ एप्रिलला. तेव्हा हलवायचं सामान सगळ्यात कमी असतं.

आणि एक निघून गेली तर?

समजा, चौथ्या वर्षी रीलवालीला बाहेरच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला.

भागीदारी मुदतीशिवायची, म्हणजे मर्जीवर चालणारी असेल तर एकीने लेखी नोटीस दिली की फर्म विसर्जित होऊ शकते. पत्रात बाहेर पडण्याचा हिशेब लिहिला असेल तर दुसरीला तिचा हिस्सा देऊन धंदा चालू ठेवता येतो.

कंपनीत उलटं होतं, आणि याचा विचार फार थोडे लोक आधी करतात. कंपनी बंद पडत नाही, पण गेलेल्या मैत्रिणीचे शेअरही जात नाहीत. पन्नास-पन्नास टक्के असतील तर ती परदेशात बसून अर्ध्या कंपनीची मालकीण. काम एकीचं, मूल्य दोघींचं. ठराव अडला तर निकाल देणारं तिसरं मतही नाही. म्हणून कंपनी काढतानाच भागधारकांचा करार करून त्यात शेअर चार वर्षांत थोडे थोडे पक्के होतील अशी अट घालतात. एक वर्षाने गेली तर पाव हिस्सा तिचा, बाकीचे ठरलेल्या किमतीत परत. ही अट गोड वाटते तोवरच सही करून घ्यावी. भांडण झाल्यावर कुणी सही करत नाही.

मग ठरवायचं कसं?

एकटीच आहात, उधारी नाही, माल परवानाधारक कारखान्यातून येतोय, तर प्रोप्रायटरशिप पुरते. ट्रेडमार्क तेवढा लवकर टाका.

दोघी आहात, एकमेकींच्या खर्चाची सवय माहीत आहे आणि बाहेरचा पैसा नको आहे, तर भागीदारी. पण पत्र लेखी, नोंदणी केलेली, आणि नाव कुणाचं ते पहिल्या पानावर.

पुरवठादारांची उधारी तुमच्या बचतीपेक्षा मोठी व्हायला लागली, किंवा कुणी पैसे टाकून हिस्सा मागतंय, तर कंपनी. पण भागधारकांचा करार त्याच आठवड्यात.

या तिन्हींपैकी तुमचा ब्रँड आज कुठे आहे हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. डब्यावरचं लेबल, ट्रेडमार्कचा अर्ज, बँक खातं आणि जीएसटी प्रमाणपत्र असे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. चारही कागदांवर मालकाचं नाव एकच आहे का ते बघा. नसेल, तर सीएकडे जायची वेळ पुढची छपाई नाही, हाच आठवडा आहे.